फ्रीलान्स कामात यूजर स्टोरी आणि कसोट्या: होमस्टे बुकिंगचा एक पूर्ण नमुना

कोटेशनमध्ये ‘ऑनलाइन बुकिंग सुविधा’ अशी एक ओळ असते आणि तिच्यासमोर रक्कम. काम संपत आलं की फ्रीलान्सर म्हणतो, झालं. मालक विचारतात, “पण फोनवर घेतलेलं बुकिंग यात कुठे टाकायचं?” दोघांचंही म्हणणं खरं असतं, कारण ही गोष्ट त्या एका ओळीत आहे असंही कुणी म्हटलेलं नसतं आणि नाही असंही.

यूजर स्टोरी, म्हणजे कोणाला काय आणि कशासाठी हवंय हे सांगणारं छोटं कार्ड, आता बरेच जण लिहितात, पण काम ठरून गेल्यावर आणि नुसत्या साच्यात: ‘यूजर म्हणून मला बुकिंग करता यावं.’ खाली कसोटी म्हणून ‘बुकिंग व्यवस्थित व्हावं.’ असा कागद वाद मिटवू शकत नाही. अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया, म्हणजे काम झालं की नाही हे ठरवणाऱ्या कसोट्या, अशा हव्यात की मालक आपल्या फोनवर करून बघतील आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर देतील.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात चार खोल्यांचा होमस्टे आहे. मालक आजवर फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बुकिंग घेऊन वहीत लिहितात. म्हापशाचा एक फ्रीलान्सर त्यांची वेबसाइट करतो आहे. एका रात्रीचा दर 2,500 रुपये, नाताळ ते नववर्षाच्या रात्रींना 4,500 रुपये आणि बुकिंगच्या वेळी 30 टक्के आगाऊ.

## 1. लिहिण्याआधी: वही मागा

पहिल्या बैठकीत ‘तुम्हाला काय काय हवंय?’ असं विचारू नका. त्यावर दुसऱ्या वेबसाइटींवर पाहिलेल्या गोष्टींची यादी मिळते. त्याऐवजी गेल्या हंगामाची बुकिंगची वही मागा आणि डिसेंबरची पानं मालकांबरोबर बसून वाचा. जिथे खाडाखोड आहे, बाण काढलेला आहे किंवा समासात काही लिहिलं आहे, तिथे एक नियम दडलेला असतो. मालक तो रोज पाळतात, त्यामुळे आपणहून सांगत नाहीत.

या वहीत चार प्रकारच्या नोंदी हमखास सापडतील. एकाच खोलीवर एकाच तारखेला दोन नावं: सकाळी एक पाहुणा गेला, दुपारी दुसरा आला. एकाच मुक्कामाला दोन दर: पाहुणा 22 डिसेंबरला आला आणि 26 ला गेला. काट मारलेली नावं: आगाऊ रक्कम परत केली, की ठेवून घेतली? आणि चवथीच्या दिवसांत चारही खोल्यांवर मारलेली आडवी रेघ, कारण तेव्हा मुंबई-पुण्याहून घरचीच माणसं येतात आणि खोल्या भाड्याने द्यायच्या नसतात.

प्रत्येक नोंदीला दोन प्रश्न पुरतात: ‘इथे नक्की काय झालं होतं?’ आणि ‘पुढच्या वेळी वेबसाइटने काय करावं?’ उत्तर मिळालं तर नियम लिहा. ‘बघू, तेव्हाचं तेव्हा’ असं उत्तर आलं तर ते ‘अनिर्णित’ अशा वेगळ्या यादीत टाका, स्वतः ठरवू नका.

निर्णय कोणाचा, हेही याच बैठकीत पक्कं करा. होमस्टे बहुतेक घरचाच व्यवसाय असतो. दर वडील ठरवतात, फोन आई घेते आणि वेबसाइटचं मुलगा बोलतो. बोलणी कुणीही करो, ‘मान्य’ म्हणणारी व्यक्ती एकच असावी आणि तिचं नाव कागदावर असावं.

तपासा: अनिर्णित यादीतल्या ज्या मुद्द्यावर पैसे किंवा तारखा अवलंबून आहेत, त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय त्या स्टोरीची किंमत सांगू नका.

## 2. काम फोडा, पण योग्य जागी

सर्वांत जास्त चुका इथे होतात. फ्रीलान्सर आपल्या सोयीने काम फोडतो: डेटाबेस, डिझाइन, पेमेंट जोडणी, अ‍ॅडमिन. यातला कुठलाही तुकडा मालकांना एकटा तपासता येत नाही. ‘डेटाबेस तयार झाला, 25 टक्के द्या’ म्हटलं तर त्यांनी काय बघायचं? काम अशा ठिकाणी फोडा की प्रत्येक तुकडा फोनवर उघडून दाखवता येईल आणि त्याचे पैसे वेगळे मागता येतील.

आपलं ‘ऑनलाइन बुकिंग’ चार स्टोरींत फुटतं:

- स्टोरी 1: पाहुण्याला तारखा टाकून मोकळ्या खोल्या आणि एकूण रक्कम दिसते.
- स्टोरी 2: मालकांना फोनवरचं बुकिंग टाकता येतं आणि खोली बंद ठेवता येते.
- स्टोरी 3: पाहुण्याला आगाऊ रक्कम भरून खोली पक्की करता येते.
- स्टोरी 4: पाहुण्याला बुकिंग रद्द करता येतं.

दुसरी स्टोरी तिसरीच्या आधी का, हे मालकांना समजावून सांगा. ऑनलाइन पैसे घेणं सुरू झालं आणि वहीतली बुकिंगं साइटवर चढलेली नसली, तर पहिल्याच आठवड्यात एक खोली दोघांना दिली जाईल. क्रम ठरवताना नेहमी हाच विचार करा: हा तुकडा एकटा सुरू केला तर धंद्याचं काही बिघडेल का?

एक स्टोरी दोन ते पाच दिवसांच्या कामाची असावी. कसोट्या दहाच्या वर जायला लागल्या तर समजा, एका कार्डावर दोन स्टोरी बसल्या आहेत.

## 3. कार्ड लिहा: कोण, काय, कशासाठी

साचा तीन ओळींचाच आहे. तिसऱ्या स्टोरीचं कार्ड असं:

> स्टोरी 3: आगाऊ भरून खोली पक्की करणे
> लांबून येणारा पाहुणा म्हणून
> मला आगाऊ रक्कम ऑनलाइन भरून खोली पक्की करता यावी,
> म्हणजे फोन न करताही खोली माझ्या नावावर राहिल्याची खात्री मला मिळेल.

‘यूजर’ हा शब्द कार्डावर नको. पाहुणा आणि मालक यांच्या गरजा वेगळ्या आहेत आणि ‘यूजर’ म्हटलं की कोणाच्या स्क्रीनबद्दल बोलतोय ते कळत नाही. ‘सिस्टम म्हणून मला’ असंही लिहू नका. सिस्टमला काही नको असतं.

तिसरी ओळ भरतीची समजून टाळली जाते, पण कसोट्यांत न आलेला प्रश्न उभा राहिला की तीच कामी येते. वरच्या कार्डावर ‘खात्री’ हा शब्द आहे. त्यामुळे पैसे भरल्यावर नुसतं ‘धन्यवाद’ दाखवणारं पान पुरेसं नाही, हे वाद न घालता ठरतं.

सावधान: कार्डावर बटणाचा रंग, पानाची रचना किंवा ऑनलाइन पैसे घेणाऱ्या पेमेंट गेटवेचं नाव लिहू नका. ते डिझाइनच्या कागदावर जातं. इथे लिहिलं तर साधा रंग बदलायलाही स्टोरी पुन्हा मंजूर करून घ्यावी लागेल.

## 4. कसोट्या: आधी नियम, मग खऱ्या तारखांचं उदाहरण

नुसता नियम लिहिला की दोघे तो दोन तऱ्हांनी वाचतात. नुसतं उदाहरण दिलं तर बाकीच्या वेळी काय करायचं ते कळत नाही. म्हणून प्रत्येक कसोटीत दोन्ही हवं, आणि उदाहरण वहीतल्या नोंदीवरूनच घ्या. मालकांना ते लगेच ओळखू येतं. मांडणी ‘असं असताना, असं केलं, तर असं व्हावं’ अशी ठेवा. तीनपैकी पहिला भाग गाळला जातो, आणि कसोटी तपासताना नेमका तोच लागतो.

जाण्याचा दिवस. नियम: पाहुणा ज्या तारखेला जातो, त्या तारखेची रात्र मोकळी धरावी. उदाहरण: खोली 2 वर 22 ते 26 डिसेंबर असं बुकिंग असताना, दुसऱ्या पाहुण्याने 26 ते 28 डिसेंबर शोधलं, तर खोली 2 मोकळी दिसावी. त्याने 25 ते 27 शोधलं, तर दिसू नये.

इथे चुकलं तर हंगामात पाहुणे बदलताना प्रत्येक वेळी एक रात्र फुकट जाते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण साइट एरर न दाखवता फक्त ‘उपलब्ध नाही’ म्हणते. कारण बहुतेक वेळा तुलनेच्या खुणेत असतं. दोन मुक्काम एकमेकांवर येतात का, हे तपासताना बरोबरीची खूण नको:

```
new_checkin < old_checkout AND new_checkout > old_checkin
```

`<` च्या जागी `<=` पडलं की 26 तारीख दोघांच्याही वाट्याची होते आणि दुसऱ्या पाहुण्याला खोली मिळत नाही.

दोन दरांचा मुक्काम. नियम: दर रात्रीनुसार लागतो, येण्याच्या तारखेनुसार नाही. 24 डिसेंबर ते 1 जानेवारी या रात्रींना, दोन्ही टोकांच्या रात्री धरून, 4,500 रुपये. बाकी रात्रींना 2,500. उदाहरण: 22 ला येऊन 26 ला जाणाऱ्या पाहुण्याच्या चार रात्री होतात. 22 आणि 23 चे 5,000, 24 आणि 25 चे 9,000, एकूण 14,000 रुपये. आगाऊ 4,200, येताना द्यायचे 9,800. पैसे भरायच्या पानावर हे तीनही आकडे दिसावेत.

‘दोन्ही टोकांच्या रात्री धरून’ हे शब्द गाळू नका. ‘24 डिसेंबर ते 1 जानेवारी’ एवढंच लिहिलं तर 1 जानेवारीची रात्र कुठल्या दराची, यावरून 2,000 रुपयांचा फरक पडतो. दर करासहित आहेत की कर वेगळा, हेही याच कसोटीत एका वाक्यात लिहा आणि उत्तर मालकांच्या सीएकडून घ्या.

उशिरा आलेले पैसे. ही कसोटी जवळजवळ कुणीच लिहीत नाही आणि सर्वांत मोठं भांडण हिच्यावरूनच होतं. पाहुणा पैसे भरत असताना खोली 15 मिनिटं त्याच्यासाठी राखून ठेवायची, असं ठरलं. पाहुण्याने 10 वाजता सुरुवात केली, यूपीआयचा व्यवहार अडकून ‘पेंडिंग’ राहिला. 10:15 ला मुदत संपली, 10:17 ला दुसऱ्याने तीच खोली घेतली आणि 10:20 ला पहिल्याचे पैसे जमा झाले. आता काय?

हे उत्तर फ्रीलान्सरने द्यायचं नाही. मालकांपुढे पर्याय ठेवा: पैसे परत, की तशीच दुसरी खोली मोकळी असेल तर ती द्यायची? आपल्या मालकांनी पैसे परत म्हटलं, म्हणून नियम असा झाला: मुदतीनंतर पैसे आले आणि खोली अजून मोकळी असेल तर बुकिंग पक्कं. खोली गेली असेल तर पूर्ण आगाऊ रक्कम परत करण्याची सूचना गेटवेला लगेच जावी आणि पाहुणा व मालक, दोघांनाही ईमेल जावा.

यातली शब्दयोजना नीट पाहा. ‘पैसे पाहुण्याच्या खात्यात लगेच जमा व्हावेत’ असं लिहिलेलं नाही, कारण ते बँकेच्या हातात आहे आणि त्याला काही दिवस लागू शकतात. आपल्या हातात सूचना पाठवणं आहे, म्हणून कसोटी तेवढ्याचीच. दुसऱ्याच्या हातातल्या गोष्टीची कसोटी लिहिली की काम चोख करूनही ‘झालं नाही’ असं ठरतं.

याच्याच जोडीला आणखी एक. बरेच पाहुणे यूपीआय अ‍ॅपमध्ये पैसे भरतात आणि ब्राउझरकडे परत येतच नाहीत. साइट जर पाहुणा परत येण्याचीच वाट बघत असेल, तर पैसे गेलेले आणि बुकिंग नाही अशी गत होते. म्हणून कसोटी: पाहुण्याने पैसे भरून ब्राउझर बंद केला, तरी गेटवेकडून पैसे मिळाल्याची खबर सर्व्हरला आल्यावर 1 मिनिटात बुकिंग पक्कं दिसावं. हीच खबर दोनदा आली तरी बुकिंग एकच राहावं, कारण गेटवे कधी कधी ती पुन्हा पाठवतात.

बाकीच्या कसोट्या छोट्या आहेत:

- खोली एकच उरलेली असताना दोन फोनवरून एकाच वेळी ‘पैसे भरा’ दाबलं, तर एकालाच पुढे जाता यावं. दुसऱ्याला ‘ही खोली आत्ताच घेतली गेली’ असा संदेश दिसावा.
- व्यवहार फेल झाला तर टाकलेल्या तारखा आणि नाव तसंच राहून पाहुण्याला मुदतीच्या आत पुन्हा प्रयत्न करता यावा.
- बुकिंग पक्कं झाल्यावर पाहुण्याला आणि मालकांना ईमेल जावा. त्यात खोली, दोन्ही तारखा, भरलेली आणि उरलेली रक्कम असावी.
- सगळ्या तारखा भारतीय वेळेनुसार धराव्यात. रात्री 12:30 ला साइट उघडली तर येण्याची तारीख म्हणून कालची तारीख निवडता येऊ नये.

शेवटची कसोटी किरकोळ वाटेल, पण सर्व्हर बऱ्याचदा यूटीसीवर चालतो आणि आपली रात्रीची 12 म्हणजे तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळची 6:30. 26 तारीख 25 होऊन साठवली जाण्याचं मूळ इथेच असतं. मालकांच्या पानावर एखादी तारीख एक दिवस अलीकडे दिसली, तर आधी हेच तपासा.

तपासा: लिहून झाल्यावर ‘लवकर’, ‘सोपं’, ‘आकर्षक’, ‘योग्य तो’, ‘सर्व मोबाइलवर’ आणि ‘वगैरे’ हे शब्द शोधा. प्रत्येकाच्या जागी आकडा, नाव किंवा पूर्ण यादी घाला. ‘वगैरे’ तर एकही ठेवू नका. त्याच्या आत काय काय आहे, यावर दोघांचं कधीच एकमत नसतं.

## 5. ‘यात नाही’ आणि ‘यासाठी लागेल’

प्रत्येक कार्डाखाली हे दोन रकाने हवेत. पहिल्यात मालक गृहीत धरतील अशा गोष्टी स्पष्ट नाकारायच्या. स्टोरी 3 मध्ये: रद्द करणं नाही, ते स्टोरी 4 मध्ये. जादा गादीचे पैसे नाहीत. परदेशी पाहुण्यांची सरकारी नोंद नाही. बुकिंगच्या मोठ्या साइटींशी कॅलेंडर जुळवणं नाही. हे जुळवणं पुढे घेतलं तरी एक मर्यादा आत्ताच सांगून ठेवा: कॅलेंडरच्या लिंकने होणारी जुळवणी तत्काळ नसते, मधे काही तास जाऊ शकतात आणि तेवढ्यात दुहेरी बुकिंग होऊ शकतं.

व्हॉट्सअ‍ॅपचा मुद्दा इथेच मिटवा. ‘पाहुण्याला व्हॉट्सअ‍ॅप जावा’ हे वाक्य मालकांना ईमेलइतकंच साधं वाटतं. प्रत्यक्षात संदेश आपोआप जायचे तर व्यवसायासाठीची वेगळी जोडणी घ्यावी लागते, मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि संदेशांचे पैसे लागतात. मालकांशी चॅट उघडणारं बटण मात्र फुकटात होतं. यातलं कुठलं हवं, ते नाव घेऊन लिहा.

दुसऱ्या रकान्यात मालकांकडून काय आणि कधी हवं ते लिहा. गेटवेचं खातं त्यांच्याच नावाने उघडायचं, त्याला केवायसी लागते. साइटवर अटी, परतावा, गोपनीयता आणि संपर्क ही पानं नसतील तर खातं बहुधा अडकून पडतं. म्हणून काम ‘झालं’ हे गेटवेच्या टेस्ट मोडवर ठरेल आणि खरं खातं जोडणं ही वेगळी, छोटी स्टोरी असेल, असं लिहून ठेवा. नाहीतर केवायसी महिनाभर रखडली की तुमचं बिलही रखडतं.

## 6. वाचून दाखवा आणि मान्यता घ्या

पीडीएफ पाठवून ‘बघून घ्या’ म्हणू नका. समोर बसून किंवा फोनवर एकेक कसोटी वाचून दाखवा आणि उदाहरणातली रक्कम मालकांना स्वतः काढायला सांगा. 22 ते 26 डिसेंबरच्या मुक्कामाला त्यांनी 14,000 ऐवजी 18,000 म्हटलं, म्हणजे नाताळात येणाऱ्याला ते सगळ्या रात्री चढ्या दराने लावतात. ही गफलत आज कळली तर एक ओळ बदलते. डिसेंबरात कळली तर पाहुण्याशी वाद होतो.

कसोट्यांना 3.1, 3.2 असे क्रमांक द्या, वर तारीख आणि आवृत्ती लिहा आणि ईमेलवर ‘स्टोरी 3, आवृत्ती 2, मान्य’ एवढं उत्तर मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा यासाठी पुरेसा धरू नका. तो कुठल्या आवृत्तीला होता हे नंतर दाखवता येत नाही.

सगळ्या स्टोरींना लागू असलेल्या अटी, जसं कुठल्या फोनवर आणि ब्राउझरवर तपासायचं, मजकूर मराठी की इंग्रजी, एका वेगळ्या पानावर एकदाच लिहा. प्रत्येक कार्डावर त्या पुन्हा नकोत.

सावधान: ‘मान्य’ येण्याआधी त्या स्टोरीचं कोड लिहायला घेऊ नका. आधी घेतलं तर कसोट्या नकळत तुम्ही केलेल्या कामाच्या मापाने लिहिल्या जातात.

## 7. ‘झालं’ ठरवण्याचा दिवस

स्टोरी तयार झाली की मालकांना चाचणीची लिंक आणि कसोट्यांचा तक्ता पाठवा: क्रमांक, काय करून बघायचं, हो की नाही, शेरा. करून बघायचं ते मालकांनी, त्यांच्या फोनवर. तुम्ही लॅपटॉपवर दाखवलेला डेमो म्हणजे तपासणी नव्हे. उशिरा आलेल्या पैशांची कसोटी बघताना राखून ठेवण्याची मुदत तात्पुरती 1 मिनिटावर आणा. 15 मिनिटं कोणी थांबत नाही आणि ती ओळ न तपासताच ‘हो’ लिहिली जाते. तपासून झाल्यावर मुदत परत 15 वर नेली की नाही, ही तक्त्याची शेवटची ओळ ठेवा.

तपासायला पाच कामाचे दिवस द्या. त्यात उत्तर आलं नाही तर स्टोरी स्वीकारली असं धरलं जाईल, हे करारातच असू द्या. ऐन वेळी घातलेली अट कोणी मानत नाही. ही मुदत चवथीच्या किंवा नाताळच्या आठवड्यात पडू देऊ नका. तेव्हा मालकांना पाहुण्यांपुढे मान वर करायला फुरसत नसते.

तक्ता परत आला की प्रत्येक ‘नाही’ आणि प्रत्येक शेरा तीनपैकी एका खान्यात टाका.

1. लिहिलेली कसोटी पूर्ण होत नाही. हा दोष आहे, फ्रीलान्सरने पैसे न घेता दुरुस्त करायचा.
2. कसोटी पूर्ण होते, पण आता वेगळं हवं आहे. उदाहरणार्थ, आगाऊ 30 ऐवजी नाताळात 50 टक्के. हा बदल आहे. त्याची नवी स्टोरी, नवी किंमत.
3. कागदावर काहीच लिहिलेलं नाही. इथे कार्डाची ‘कशासाठी’ ही ओळ वाचा. ती गोष्ट नसेल तर तो हेतूच साधत नाही, असं असेल तर ते मूळ कामातच धरा. हेतू साधत असेल तर तो बदल.

तिसऱ्या खान्याचा एक नमुना. मालक म्हणतात, “पाहुण्याने ईमेल चुकीचा टाकला तर त्याला काहीच कळणार नाही.” कसोट्यांत हे नाही. पण कार्डाचा हेतू पाहुण्याला खात्री मिळणं हा आहे, आणि ईमेल पोचला नाही तर ती मिळत नाही. तेव्हा पैसे भरल्यावर स्क्रीनवर बुकिंग क्रमांक आणि मालकांचा फोन नंबर दाखवणं मूळ कामात येतं. त्याऐवजी त्यांनी एसएमएस मागितला, तर स्क्रीनवरच्या क्रमांकाने हेतू साधलेला असल्यामुळे एसएमएस ही स्टोरी 5 होईल, आणि तिचं कार्डही वहीपासूनच सुरू करायचं: ईमेल नसलेले किती पाहुणे गेल्या हंगामात आले होते?